दरवर्षी एक वर्षाने मोठी

फोटोमास्तरांचा धंदा हल्ली मेलेल्या माणसांवरच चालायचा. जिवंत माणसांना आता स्टुडिओ लागत नाही, प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. पण घरात कुणी गेले की लोकांच्या लक्षात येते, की हजार फोटोंत आजोबांचा एकही धड नाही. मग ती मंडळी मास्तरांकडे येत. कुणाच्या लग्नातल्या घोळक्यातून आजोबांना बाहेर काढायचे, मिटलेले डोळे उघडायचे, बनियनवर कोट चढवायचा. "मास्तरांनी कोट चढवल्याशिवाय या भागात एकही म्हातारा वर गेला नाही," असे समोरचा चष्मेवाला म्हणायचा, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती.

एक गिऱ्हाईक मात्र वेगळे होते. दुसऱ्या गावाहून एक बाई वर्षातून एकदा यायच्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या हातात एकच फोटो होता. सहा वर्षांची मुलगी, डोक्यावर लोकरीची टोपी, पुढचा एक दात पडलेला. दोन दिवसांच्या तापात गेली होती. मास्तरांनी सवयीने विचारले, "केवढा करायचा?" बाई म्हणाल्या, "मोठा नको. तिला मोठी करा. आज असती तर सात वर्षांची असती."

मास्तर आधी नाहीच म्हणाले होते. मग बाई बाकावर बसून राहिल्या, आणि मास्तरांचा तो स्वभाव नव्हता की कुणाला बाकावरून उठवावे. त्यांनी काम घेतले. त्या वर्षी पडलेला दात आला. पुढच्या वर्षी गाल जरा उतरले. दरवर्षी मुलगी एक वर्षाने मोठी होत गेली आणि बाई तिला पदराखाली झाकून घेऊन जात राहिल्या. एकच अट होती. "आमच्या ह्यांना कळता कामा नये. ती गेल्यापासून त्यांनी घरात तिचं नाव काढू दिलेलं नाही. तिचं सगळं सामानसुद्धा देऊन टाकलं." मास्तरांनी शब्द दिला.

आता नसलेले पोर मोठे करायचे म्हणजे काही तरी आधार लागतो. हनुवटी कधी लांबते, भुवया कधी दाटतात, हे काही मनाने काढता येत नाही. मास्तरांच्या घरी त्याच वयाची मुलगी होती, चिमी. तिचा दरवर्षी एक फोटो काढायचा आणि समोर ठेवून काम करायचे, अशी त्यांची पद्धत पडून गेली. चेहरा त्या मुलीचा, वाढ चिमीची. कानांपाशी मात्र ते अडले होते. टोपीने कान झाकलेले. त्यांनी बाईंना विचारले, "कान कसे होते हो तिचे?"  त्या अशा रडायला लागल्या, की मास्तरांना दुकानाचे दार लोटून घ्यावे लागले. "मला आठवत नाही. मी आई आहे तिची, आणि मला तिचे कान आठवत नाहीत." मास्तरांनी तो विषय पुन्हा काढला नाही. त्यांनी गुपचूप चिमीचे कान लावून टाकले, लोंबत्या पाळ्यांचे.

हे कुणाच्या लक्षात आले नाही, एक मास्तरीणबाई सोडून. एकदा डबा द्यायला आल्या असताना त्यांनी पडद्यावरचे चित्र पाहिले आणि डबा टेबलावर आपटला. "हे कान माझ्या पोरीचे आहेत."

"अगं, कानच आहेत नुसते."

"आज कान घेतलेत. उद्या काय घ्याल?"

मास्तर हसले. पण त्याच आठवड्यात चिमीला ताप भरला, आणि मास्तरीणबाईंनी दुकानात जाऊन त्या मुलीची छापून ठेवलेली तसबीर भिंतीकडे तोंड करून ठेवली. चिमी बरी झाली. बाईंना मास्तरांनी त्या वर्षी दुसरी प्रत छापून दिली, ही तशीच राहिली. तरी तेव्हापासून मास्तर एकटे असले, की त्यांना खोलीत तिसरे कुणी असल्यासारखे वाटायचे. काम करताना मुलगी त्यांच्याकडे बघायची. तसे सगळेच फोटो बघतात, त्यांचे कामच ते. पण बाकीचे जिथे होते तिथूनच बघायचे. ही दरवर्षी थोडी जवळ यायची.

यंदा मुलगी एकोणीस वर्षांची व्हायची होती. बाईंचे गुडघे गेले होते, त्यांना प्रवास झेपेना. त्यांनी फोनवर काम सांगितले, तसबीर बहिणीच्या पत्त्यावर पाठवा म्हणाल्या, आणि पैसे पहिल्यांदाच फोनवरून पाठवले. एरवी त्या नेहमी रोख द्यायच्या. मास्तरांनी चित्र पुरे केले, छापले, चौकटीत बसवले आणि पाठवण्यासाठी खाकी कागदात गुंडाळून ठेवले. कुरियरवाल्याचे पैसे द्यायला त्यांनी फोन काढला, तर पैसे जाईनात. पुन्हा केले, तरी जाईनात. कुरियरवाला पार्सल टेबलावर ठेवून म्हणाला, "मास्तर, बँकेत जाऊन या एकदा."

बँकेतल्या मॅडम ओळखीच्या होत्या, त्यांच्या गेलेल्या सासूबाईंना मास्तरांनीच फोटोत हसवले होते. त्यांनी हसून खाते उघडले आणि हसणे हळूहळू आवरते घेतले. "मास्तर, तुमचं खातं गोठवलंय. पैसे आत येतील, बाहेर जाणार नाहीत."

"कुणी गोठवलं? तुम्ही?"

"आम्ही नाही. कुणी तरी सायबर पोलिसांकडे तक्रार केली आहे, की फसवणूक करून त्यांच्या खात्यातून पैसे काढले. ते पैसे कुठे कुठे गेले याचा माग काढतात, आणि ज्या ज्या खात्यात गेले ती खाती थांबवायला सांगतात. त्यातली एक रक्कम तुमच्याकडे आली आहे."

त्यांनी पडदा वळवून दाखवला. तारीख, रक्कम, पाठवणाऱ्याचे नाव.  नाव बाईंच्या नवऱ्याचे होते.

"अहो, हे तर माझ्या कामाचे पैसे. एवढ्याशा रकमेसाठी सगळं खातं? तेवढे अडवा आणि बाकीचं सोडा."

"अर्ज द्या, मी आजच मुख्य कार्यालयाला पाठवते. ओळखपत्र, खात्याचा उतारा आणि हे पैसे कशाचे त्याचा पुरावा जोडा. बिल, गिऱ्हाइकाशी झालेलं बोलणं, जे असेल ते. पण खरं सांगू? पोलिसांनी सगळं खातं थांबवायला सांगितलं असेल, तर त्यांच्या पत्राशिवाय आमचे हात बांधलेले असतात. हा तक्रारीचा क्रमांक. हे त्या पोलीस ठाण्याचं नाव, हा त्यांचा ईमेल. तपास अधिकाऱ्याला लिहा."

मास्तर घरी आले ते चेहरा पाडूनच. चिमीला परगावच्या कॉलेजात जागा मिळाली होती. फी भरायची मुदत तोंडावर आली होती आणि फीचे पैसे त्याच खात्यात होते. हे ऐकून मास्तरीणबाई भांडल्या नाहीत. त्या शांतपणे म्हणाल्या, "मी सांगत होते. आधी कान घेतले. आता ती माझ्या पोरीची जागा घेते आहे." त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

मास्तरांनी बाईंना फोन लावला. बाई कुजबुजत बोलल्या. झाले होते असे, की त्याच दिवशी नवऱ्याला कुणी तरी बँकेतून बोलतो म्हणून फोन केला आणि दोघांच्या सामाईक खात्यातून बरेचसे पैसे पळवले. नवऱ्याने तक्रार करताना त्या दिवशीचे सगळे व्यवहार वाचून दाखवले. एकेका रकमेपाशी तो बायकोकडे बघून विचारत होता, "ही आपली आहे का?" फोटो स्टुडिओच्या रकमेपाशी बाईंच्या तोंडून शब्द फुटला नाही. त्याने ती पण चोराच्या खात्यावर टाकली.

"मग आता तरी सांगा ना त्यांना," मास्तर म्हणाले.

"कसं सांगू? ते मोडून पडतील हो. किंवा मला माफ करणार नाहीत. तुम्ही शब्द दिला होता, मास्तर."

"माझ्या मुलीची फी अडली आहे, बाई."

 बाई म्हणाल्या, "तिची पण तेवढीच वर्षं झाली ना?" आणि फोन ठेवला.  त्या कुठल्या मुलीबद्दल बोलल्या, हे त्यांना विचारायचे धाडस झाले नाही.

त्यांनी अर्ज दिला. बिल जोडले, पण त्यावर गिऱ्हाइकाचे नाव घातले नाही, नुसते 'फोटो काम' लिहिले. तेच कागद तपास अधिकाऱ्यालाही पाठवले. मुख्य कार्यालयाचे उत्तर मॅडमनी सांगितले तसेच आले: पोलिसांची सूचना संपूर्ण खात्यासाठी आहे, त्यांनी कळवल्याशिवाय काही करता येणार नाही. पोलिसांचे उत्तर त्याहून कोरडे होते. तक्रारदार अशा कुठल्याही स्टुडिओला ओळखत नाही. काम कुणी सांगितले, काय दिले, ते पुराव्यासह सांगा.

दरम्यान बातमी पसरायची ती पसरली. मेहुण्याकडे हात पसरावा तर तो म्हणाला, "देतो, पण पाठवू कुठे? तुमच्या खात्याशी व्यवहार केला म्हणून माझं गोठलं तर?" चष्मेवाला एरवी दिवसातून चार वेळा चहाला यायचा, तो आता लांबूनच मान हलवू लागला. आयुष्यभर कुणाचा एक पैसा न बुडवलेल्या माणसाला लोक चोरासारखे बघू लागले, आणि वाईट हे, की मास्तर स्वतःही आरशात तसेच बघू लागले. चोरी तर त्यांनी केलीच होती. पैशांची नव्हे, पण चिमीच्या वाढीची. तिला न विचारता.

शेवटी त्यांनी चिमीला सगळे सांगितले. तिने खाकी कागद सोडून तसबीर बाहेर काढली आणि उजेडात धरली. लेक घाबरेल असे मास्तरांना वाटले होते. ती म्हणाली, "हिला मी ओळखते, बाबा. लहानपणी तुम्ही मला स्टुलावर बसवून मान वळव म्हणायचात ना, तेव्हा मला वाटायचं, कुणी तरी शेजारी बसलंय." मग तिने कागद पुन्हा नीट गुंडाळला. "त्या पोलीस ठाण्यात जाऊन या. पण त्या बाईंचं नाव तुम्ही घेऊ नका. फी काय, पुढच्या वर्षी भरू."

हे तिने इतक्या सहज म्हटले, की मास्तरांना हुंदका आवरला नाही.

बाईंच्या गावचे ते सायबर पोलीस ठाणे म्हणजे एका सरकारी इमारतीतली लांबट खोली होती. प्रत्येक टेबलावर फायलींचे ढीग आणि बाकावर फसलेली माणसे. मास्तर पार्सल मांडीवर घेऊन बसले. तपास अधिकारी तरुण होता, डोळ्यांखाली काळी वर्तुळे असलेला. मास्तर येणार हे कळल्यावर त्याने तक्रारदारालाही बोलावून घेतले होते. बाईंचा नवरा आला, पांढऱ्या केसांचा म्हातारा. उंच, ताठ, इस्त्रीच्या शर्टातला. त्याच्या मागून गुडघे धरत बाई आल्या आणि मास्तरांना बघून जागीच थिजल्या.

"यांना ओळखता?" अधिकाऱ्याने म्हाताऱ्याला विचारले.

"आयुष्यात पाहिलेलं नाही."

"मास्तर, काम कुणी सांगितलं?"

मास्तरांनी बाईंकडे बघायचे टाळले. "साहेब, काम खरं आहे. केलंय, ते इथे आहे. पण गिऱ्हाइकाचं नाव मी सांगणार नाही. शब्द दिलाय."

"मग खातं तसंच राहील. मी नुसत्या शब्दावर पत्र देऊ शकत नाही."

"राहू दे," मास्तर म्हणाले. त्यांना स्वतःच्याच आवाजाचे नवल वाटले.

म्हातारा तुच्छतेने हसला. "चोरांचेपण शब्द असतात तर."

"ते चोर नाहीत." आवाज बाईंचा होता. "ते पैसे मी पाठवले. तुम्ही वाचून दाखवत होतात तेव्हा मी गप्प बसले. माझी चूक आहे, साहेब, यांची नाही."

"कशाचे पैसे?" म्हातारा तिच्याकडे वळला.

 बाई मास्तरांच्या मांडीवरचे पार्सल घेऊन दोरी सोडू लागल्या. गाठ सुटेना, तेव्हा मास्तरांनी ती सोडवून दिली. तसबीर टेबलावर, फायलींच्या ढिगावर उभी राहिली. शेजारच्या टेबलावरच्या हवालदाराचे टायपिंग थांबले.

म्हातारा उभाच होता. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तो खाली बसला तो खुर्चीकडे न बघता.  मास्तरांना वाटले, आता हा काच फोडणार. बाईंना बहुतेक तेच वाटत होते, कारण त्यांनी चौकटीवरचा हात काढला नव्हता.

"ही कोण?" अधिकाऱ्याने हलक्या आवाजात विचारले. त्याला जबाब लिहायचा होता, त्यामुळे विचारणे भागच होते.

"माझी मुलगी," म्हातारा म्हणाला.

"काय करते?"

म्हाताऱ्याने तसबिरीवरून नजर काढली नाही. अधिकाऱ्याने बाईंकडे पाहिले, मग तसबिरीकडे, आणि त्याला समजले. त्याने पेन खाली ठेवले.

मग म्हाताऱ्याने हात पुढे केला आणि बोट काचेवर टेकवले. "कान चुकलाय."

"काय?" मास्तर पुढे झुकले.

"पाळी अशी लोंबती नव्हती तिची. गालाला चिकटलेली होती. माझ्या आईसारखी. आणि वरती डाव्या कानाला बारीकशी खाच होती, पेन्सिलीने केल्यासारखी. टोपी घालताना मी रोज बघायचो. शाळेत सोडायला मीच जायचो ना." त्याने काचेवरचे बोट काढले नाही. "बाकी सगळं बरोबर आहे. कान तेवढा चुकलाय."

बाई त्याच्याकडे वळल्या. "तुम्हाला आठवतात?"

"रोज आठवतात."

एवढी वर्षे दोघे एकाच छपराखाली एकाच मुलीजवळ राहिले होते आणि एकमेकांपासून तिला लपवत होते. मास्तरांना तिथे थांबवेना. पण खाते त्यांचे होते आणि जबाब व्हायचा होता.

अधिकाऱ्याने म्हाताऱ्याचा पुरवणी जबाब घेतला: ही रक्कम सामाईक खातेदार असलेल्या पत्नीने स्वखुशीने, केलेल्या कामापोटी दिली, तिच्याबद्दल तक्रार नाही, बाकीच्या रकमांची तक्रार कायम आहे. म्हाताऱ्याने सही केली. मास्तर म्हणाले, "पत्र माझ्याकडेच द्या, मी बँकेत नेऊन देतो." अधिकारी पहिल्यांदा हसला. "तुमच्या हातातलं पत्र बँक धरणार नाही. कोणीही छापून आणेल. आमच्या अधिकृत ईमेलवरून जाईल, ते तपासतील आणि मग सोडतील."

तसेच झाले. मॅडमनी तीनदा मुख्य कार्यालयाला फोन केला, एकदा चांगल्याच चढ्या आवाजात, आणि एका दुपारी मास्तरांचा फोन वाजला, "करून बघा आता." मास्तरांनी आधी कुरियरवाल्याला चहापुरते पैसे पाठवून पाहिले, गेले. मग चिमीची फी भरली. गेली. मुदतीच्या आत. चष्मेवाला चहा घेऊन आला आणि जणू काही झालेच नाही असा बसला. मास्तरांनी चहा घेतला. पण त्याच्या कोटाचा विचार मनातून काढून टाकला, आता हा बनियनवरच जाणार.

चिमी कॉलेजला गेल्यावर घर रिकामे झाले. एका सकाळी म्हातारा स्टुडिओत आला, त्याच्या खांद्याचा आधार घेत बाईही. म्हाताऱ्याच्या हातात जुन्या चादरीचे गाठोडे होते. त्याने ते बाकावर सोडले. सात वर्षांची, आठ वर्षांची, नऊ वर्षांची, अशा सगळ्या तसबिरी. बाईंनी इतकी वर्षे धान्याच्या कोठीमागे दडवलेल्या. सगळ्यांत वर त्याच्या आईचा एक जुना फोटो होता, कान स्पष्ट दिसणारा.

"सगळ्यांचे दुरुस्त करायचे," तो म्हणाला. "घाई नाही. भिंतीवर लावायच्या आहेत."

मास्तर कामाला बसले. एकेका वर्षातून त्यांनी चिमीचे कान काढले आणि म्हाताऱ्याच्या आईचे लावले, डाव्याला बारीक खाच दिली. डबा घेऊन आलेल्या मास्तरीणबाई त्यांच्या खांद्यामागे उभ्या राहिल्या. मास्तरांनी ओरडा ऐकायची तयारी केली.

"ही आता आपली वाटत नाही," त्या म्हणाल्या.

"नव्हतीच कधी."

मास्तरीणबाईंनी डबा ठेवला. भिंतीकडे तोंड करून ठेवलेली ती जुनी तसबीर अजून कोपऱ्यातच होती. त्यांनी ती उचलली, पदराने काच पुसली आणि बाकीच्यांच्या रांगेत, तिच्याच वयाच्या तसबिरीशेजारी, समोर तोंड करून ठेवली. "हिचेपण करा," त्या म्हणाल्या. "एकटी राहिली होती बिचारी."